'असू दे रे' म्हणायला लावू नका

जवळच्या मित्राच्या घरचं मोठं कार्य चुकलं की आपल्याकडे दोन सल्ले तयार असतात. "आपल्यात कसलं आलंय सॉरी?" हा एक. "एक फोन कर आणि विषय संपव," हा दुसरा. मला दोन्ही पटत नाहीत. अशा वेळी पत्र लिहावं, कागदावर किंवा ईमेलवर, पण सावकाश आणि पानभर लिहावं, असं माझं मत आहे. जुन्या टपालाबद्दलच्या हळवेपणाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

फोनवर माफी मागितली की समोरच्याला ती त्याच क्षणी द्यावी लागते. तुम्ही म्हणता, "फार वाईट वाटतंय रे, यायला हवं होतं." आता तो काय म्हणणार? "असू दे रे, होतं असं कधीकधी." त्याला तसं वाटत असो वा नसो, आपल्या घरांत वाढलेल्या माणसाला त्या क्षणी दुसरं काही बोलताच येत नाही. म्हणजे दुखावला तो, आणि समजूत काढायचं कामही त्याच्याच गळ्यात. दोन मिनिटांत विषय संपतो तो तुमचा. त्याच्या मनात तो राहतोच, फक्त पुन्हा काढायची सोय उरत नाही, कारण एकदा 'असू दे' म्हणून बसलाय. व्हॉट्सॲपची तऱ्हा याहून वाईट. निळ्या खुणा उमटल्या की उत्तर देणं आलं. मग एक अंगठा जातो, किंवा जोडलेले हात, आणि दोघंही मिटलं असं धरून चालतात.

पत्राला लगेच काही द्यावं लागत नाही. ते दोनदा वाचता येतं, वाचून चिडता येतं, घरच्यांना दाखवून "बघा, आत्ता सुचतंय याला" असंही म्हणता येतं. दुखावलेल्या माणसाला हा अवकाश मिळणं हाच माफीच्या पत्राचा खरा उपयोग, आणि पत्रात काय लिहायचं, काय गाळायचं हे सगळं त्यावरूनच ठरतं. जे वाक्य मित्राला 'असू दे रे' म्हणायला लावेल ते काढायचं. जे त्याचं ओझं कमी करेल ते ठेवायचं.

'आपल्यात कसलं सॉरी' या म्हणण्यात तथ्य नाही असं मात्र नाही. आधीच्या पिढीतल्या कितीतरी माणसांनी आयुष्यात कुणाची शब्दांत माफी मागितली नसेल. बारशाला जमलं नाही, तर पुढच्या आठवड्यात पिशवीत चार नारळ आणि झबलं घेऊन ती दारात हजर. लग्न चुकलं, तर पूजेच्या दिवशी सकाळपासून येऊन भाजी चिरायला बसायची. कुणी काही बोलायचं नाही, पण हिशेब मिटायचा. संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवून वर्षभराचा अबोला सोडणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ही पद्धत माफीच्या शब्दांपेक्षा कमी दर्जाची होती असं मी म्हणणार नाही. उलट बऱ्याचदा सरसच होती.

पण ती चालायची, कारण माणसं एका आळीत, फार तर एका तालुक्यात राहायची. एक कार्य चुकलं तरी महिन्याभरात दुसरं निमित्त यायचं आणि चूक हातांनी भरून काढता यायची. आज एक मित्र हिंजवडीत, दुसरा कोल्हापुरात, तिसरा दुबईत. प्रत्यक्ष भेट वर्षा-दोन वर्षांनी, तीही कुणाच्या तरी कार्यातच. नेमकं तेच कार्य चुकलं, तर ते भरून काढायची पुढची संधी येईपर्यंत नात्यात एक कोरडेपणा येऊन बसलेला असतो. कृतीने माफी मागायची आपली रीत चांगलीच होती, पण तिला लागणारं शेजारपण गेलं. 'आपल्यात कसलं सॉरी' हे वाक्य तेवढं मागे राहिलं, आणि आता ते बहुतेक वेळा चुकलेल्या माणसाच्याच सोयीचं असतं.

एक प्रसंग धरून चालू. समजा, कोल्हापुरातल्या एका मित्राच्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. माणसाची ऐंशी वर्षं आणि वर काही महिने झाले की आयुष्यात हजार पौर्णिमांचे चंद्र पाहून होतात, त्याचा हा सोहळा. सकाळी शांतिहोम, मग एक्क्याऐंशी दिव्यांनी औक्षण, नातवंडांची गर्दी. मित्राचे वडील, म्हणजे अण्णा, निवृत्त गणित शिक्षक. त्यामुळे त्यांची वह्यांनी तुला करायची आणि त्या वह्या त्यांच्या जुन्या शाळेला द्यायच्या असं ठरलंय. पुण्यातला मित्र अकरावी-बारावीला दोन वर्षं याच घरी जेवलेला आणि अण्णांकडेच गणित शिकलेला. त्यानं चार शब्द बोलायचे आहेत. कार्यक्रमपत्रिकेवर त्याचं नाव छापलंय.

गुरुवारी तो म्हणाला, "येतोच." शनिवारी संध्याकाळी ऑफिसचं काम उपटलं. आठ वाजता त्याला कळून चुकलं की पहाटे निघणं होणार नाही. पुणे-कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, चार-पाच तास तरी हवेत. तरी त्यानं फोन केला नाही. रविवारी सकाळी अकराला, तुला सुरू झाल्यावर, मेसेज टाकला. संध्याकाळी दुसरा पाठवला, तो असा:

"सॉरी यार! यायची खूप इच्छा होती रे. पण ऐनवेळी ऑफिसचं काम निघालं, रात्री अडीचपर्यंत लॅपटॉपवर होतो. त्यात छोटीला ताप. तुला वाईट वाटलं असेल तर मनापासून माफ कर. फोटो बघितले, जबरदस्त झालाय कार्यक्रम! अण्णांना माझा साष्टांग नमस्कार सांग. लवकरच भेटू, पार्टी माझ्याकडून!"

यात दुष्टपणा कुठेच नाही. अशा प्रसंगी दहातले नऊजण हेच लिहितील. तरी एकेक वाक्य तपासून पाहा. 'खूप इच्छा होती' हे मित्राला उपयोगाचं नाही. त्याला इच्छेची शंका नव्हतीच, त्याला माणूस हवा होता. कारणं दोन दिली आहेत, आणि दोन कारणं एकमेकांना कमकुवत करतात. ऑफिसचं काम एवढं अटळ होतं तर ताप कशाला सांगायचा, आणि ताप एवढा होता तर रात्री अडीचपर्यंत लॅपटॉप कसा? 'वाईट वाटलं असेल तर' हे सगळ्यात घातक. घडलेल्या गोष्टीचा भार त्यानं अलगद मित्राच्या मनःस्थितीवर टाकला. वाईट वाटलं नसेल तर माफीचीही गरज नाही, असा त्याचा अर्थ होतो. 'नमस्कार सांग' म्हणजे आणखी एक काम, आणि तेही ज्याच्यावर आपण काम टाकून पळालो त्यालाच. शेवटचं 'लवकरच' आणि 'पार्टी' यांना ना तारीख ना ठिकाण.

मुख्य गोष्ट तर मेसेजमध्ये आलेलीच नाही. त्या दिवशी मित्राचं नेमकं काय झालं? हॉलमध्ये एक खुर्ची रिकामी राहिली, एवढंच नाही झालं. कार्य घरचं असतं तेव्हा यजमानाला येणाऱ्यांची आणि न येणाऱ्यांचीही उत्तरं द्यावी लागतात. आत्या विचारते, "तुझा तो पुण्याचा मित्र कुठाय? पत्रिकेत तर नाव आहे." शाळेतले जुने शिक्षक विचारतात. अण्णा स्वतः विचारत नाहीत, पण दाराकडे बघतात. आणि मित्र, तुमची लाज राखायला, सांगून टाकतो की गाडी बिघडली. आपल्या वडिलांच्या मोठ्या दिवशी, नातेवाइकांसमोर, तो तुमच्यासाठी खोटं बोलतो. जवळच्या मित्राचं कार्य चुकवणं लांबच्या ओळखीचं कार्य चुकवण्यापेक्षा वेगळं आहे ते इथे. लांबचा आला नाही तर कुणी विचारत नाही. जवळचा आला नाही तर त्याच्या जवळिकीचाच पंचनामा होतो, आणि तो यजमानाला उभ्या उभ्या सोसावा लागतो.

माफीत काय असावं यावर अभ्यासही झालेत. अमेरिकेतले रॉय लेविकी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2016 मध्ये माफीचे सहा घटक वेगळे काढून, कुठला किती परिणाम करतो ते लोकांना विचारून पाहिलं. पहिल्या पाहणीत 333 जण होते, दुसरीत 422 विद्यार्थी. सगळ्यात जास्त वजन पडलं ते 'चूक माझी आहे' हे स्पष्ट कबूल करण्याला. त्याखालोखाल, झालेलं नुकसान कसं भरून काढणार हे सांगण्याला. खेद व्यक्त करणं, कारण सांगणं आणि पुन्हा असं करणार नाही म्हणणं हे साधारण एकाच पायरीवर आले. सगळ्यात तळाला काय होतं? 'मला माफ कर' ही विनंती. त्यांचा प्रसंग नोकरीतल्या चुकीचा होता, मैत्रीचा नव्हे, त्यामुळे तो क्रम जसाच्या तसा उचलून मैत्रीवर लावू नये. पण शेवटच्या जागेबद्दल मला आश्चर्य वाटलं नाही. 'माफ कर' ही मागणी आहे. ती आली की देणाऱ्याच्या भूमिकेत ढकलला जातो तो दुखावलेला माणूस. आपल्या वरच्या मेसेजमध्ये नेमकी तीच मागणी ठळक आहे आणि कबुलीचा पत्ता नाही.

कबुली कशाची, हाही प्रश्न आहे, आणि इथे बहुतेकांची पत्रं चुकीच्या गोष्टीची माफी मागतात. वरच्या प्रसंगात चुका दोन आहेत. एक, तो आला नाही. दुसरी, शनिवारी आठला कळूनही त्यानं रविवारी अकरापर्यंत सांगितलं नाही. माझ्या मते दुसरी मोठी. ऑफिसचं काम खरोखर टाळता येण्यासारखं नसेल, पण फोन टाळण्यासारखा होता आणि त्यानं तो टाळला. शनिवारी रात्री मित्राला कळलं असतं तर बोलायला दुसरं कुणी उभं करता आलं असतं, सूत्रसंचालकाच्या हातातला कागद बदलता आला असता, आत्याला आधीच सांगता आलं असतं. त्या पंधरा तासांच्या गप्प बसण्यानं हे सगळे रस्ते बंद केले.

आपण गप्प का बसतो, हेही जवळपास ठरलेलं आहे. 'नाही' म्हटलं तर तो किती दुखावेल याची भीती. जुलियन गिवी आणि कॉलीन कर्क या दोघांचा 2023 च्या अखेरीस आलेला अभ्यास याच भीतीवर आहे. निमंत्रण नाकारलं तर समोरचा किती रागावेल, याचा आपला अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त असतो, असं त्यांना आढळलं. लक्षात घ्या, हे आधी दिलेल्या नकाराबद्दल आहे. आयत्या वेळी गायब होण्याबद्दल नाही. आपल्याकडे तर 'बघतो', 'जमवतो', 'नक्की प्रयत्न करतो' ही वाक्यं सभ्यता म्हणूनच शिकवली जातात. तोंडावर नाही म्हणणारा उर्मट, आणि येतो म्हणून न येणारा बिचारा अडकलेला. हा हिशेब उलटा आहे, हे कुणी हॉलवाल्याला आणि केटररला विचारावं.

आता तोच मित्र पत्र लिहायला बसला तर कसं लिहील, ते पाहू.

"मित्रा,

रविवारी मी आलो नाही. येतो म्हणून सांगितलं होतं, बोलतो म्हणून सांगितलं होतं, तू पत्रिकेवर माझं नाव छापलंस, आणि मी आलो नाही.

शनिवारी संध्याकाळी ऑफिसचं काम आलं. रात्री आठ वाजताच मला कळलं होतं की सकाळी निघता येणार नाही. तेव्हाच तुला फोन करायला हवा होता. तुला नाही म्हणायची भीती वाटली म्हणून केला नाही. बघू, जमेल, असं स्वतःला सांगत बसलो, आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर मेसेज टाकला. न येण्यापेक्षा हे वाईट केलं.

तू फोन हातात घेऊन मंचाजवळ उभा होतास, दोनदा सूत्रसंचालकांना थांबवलंस, शेवटी पुतण्याला आयत्या वेळी उभं केलंस, हे तू बुधवारी सांगितलंस. आत्यांना 'गाडी बिघडली' असं सांगावं लागलं, हेही. स्वतःच्या घरच्या कार्यात माझ्यासाठी तुला खोटं बोलावं लागलं.

अण्णांनी मला त्रिकोणमिती शिकवली ती तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात बसून, फरशीवर खडूनं. आई पोळ्या करता करता ओरडायच्या की पुसून घ्या, पाय पडेल. हे मला सगळ्यांसमोर सांगायचं होतं. ती वेळ गेली, ती परत येणार नाही.

अण्णांना नमस्कार सांग असं तुला म्हणत नाही. त्यांना वेगळं पत्र लिहिलंय. जे बोलणार होतो ते त्यात आहे. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी मी कोल्हापूरला येतोय. वह्या शाळेत पोचवायच्या अजून बाकी आहेत असं तू म्हणालास, त्या मी गाडीत घालून नेतो. तो दिवस सोयीचा नसेल तर तू सांगशील त्या दिवशी.

या पत्राला उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

तुझा"

या पत्रात 'माफ कर' कुठेच नाही, तरी ते माफीचंच पत्र आहे. कारण एकाच वाक्यात आलंय आणि त्याची बाजू मांडलेली नाही. काम कुठलं, साहेब कोण, किती वाजेपर्यंत जागलो, यातलं काही नाही, कारण ते सगळं वाचून मित्राला तुमची कीव यायला लागते आणि पुन्हा 'असू दे' जवळ येतं. मुलीचा ताप खरा असला तरी गाळला आहे. आजारी लेकरासमोर कुणी रागावू शकत नाही, म्हणून तो इथे आणणं थोडं अन्यायाचंच.

स्वतःला झोडपून घेणंही नाही. 'मी मित्र म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही' असं लिहिलं की वाचणाऱ्याला धावत येऊन हात धरावा लागतो. हे नम्रतेच्या वेशातलं मागणंच झालं. जुनं उसनंही काढायचं नाही. 'तूही माझ्या वास्तुशांतीला आला नव्हतास' हे गमतीनंही नाही, कारण त्या ओळीनंतर बाकीचं पत्र कुणी वाचत नाही.

तिसऱ्या परिच्छेदातला तपशील मिळाला कुठून? बुधवारच्या फोनवरून. पत्राचा हा भाग बहुतेक जण गाळतात. घाईनं लिहिलेल्या पत्रात फक्त आपल्या बाजूचा शनिवार असतो, मित्राच्या बाजूचा रविवार नसतो. म्हणून फोन करायचा, पण माफी मागायला नव्हे. "रविवारी काय काय झालं ते सांग, माझ्यामुळे काय अडलं तेही सांग," एवढं विचारून ऐकत राहायचं. मधेच 'सॉरी सॉरी' करायचं नाही. सिंथिया फ्रांत्झ आणि कोर्टनी बेनिग्सन यांच्या 2005 च्या अभ्यासात असं दिसलं होतं की, माफी थोडी उशिरा आली आणि मधल्या वेळात दुखावलेल्याला आपलं म्हणणं मांडता आलं, तर ती जास्त समाधान देते. भांडण झाल्याबरोबर फेकलेली माफी तोंड बंद करायला आल्यासारखी वाटते, हे आपल्यालाही अनुभवानं माहीत आहेच.

उशीर म्हणजे किती? कार्य झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. भाड्याची भांडी परत करायची, केटररचा हिशेब, उरलेल्या लाडवांची वाटणी. त्या गडबडीत पत्र गेलं तर ते फ्रिजवर पडून राहतं. आठवड्याभरानं घर रिकामं होतं आणि माणसं झालेल्या कार्याबद्दल निवांत बोलायला लागतात, कोण आलं, कोण नाही. पत्र साधारण त्या सुमारास पोचावं. महिना उलटू देऊ नये. साधं पाकीट पाच रुपयांच्या तिकिटात जातं, पण टपालाचा भरवसा नसेल तर ईमेल करा, त्यानं पत्राचं पत्रपण जात नाही. कागदाचा एक गुण मात्र आहे आणि तोच त्याचा धोका: आपल्या घरांत पत्र एकट्याचं नसतं. ते आई वाचणार, वहिनी वाचणार, अण्णा चष्मा शोधून वाचणार. तेव्हा घरच्या कुणाला टोचेल असं त्यात काही नको. 'गाडी बिघडली' हे खोटं आत्यापर्यंत उघडं पडू नये असं मित्राला वाटत असेल, तर तो परिच्छेद कागदावर न लिहिता ईमेलनं पाठवलेला बरा.

आहेराचं काय? चांदीची वाटी, शाल, श्रीफळ पत्राबरोबरच कुरिअरनं पाठवावं असं पुष्कळांना वाटतं. मी म्हणेन, थांबा. चूक कबूल करण्याआधी आलेली वस्तू तडजोडीच्या रकमेसारखी दिसते, आणि ऑनलाइन पाठवलेले अकराशे एक रुपये तर नक्कीच. वरच्या पत्रात भरपाई म्हणून वह्या पोचवण्याचं काम आहे. त्याला किंमत फारशी नाही, पण ते त्याच कार्याचं उरलेलं काम आहे, आणि मित्राच्या डोक्यावरून ते उतरतं. नुकसान ज्या जागी झालं तिथेच हात लावणारी भरपाई शोधावी. गोव्यातल्या रिसॉर्टचं बुकिंग देऊन वडिलांच्या कार्यातली गैरहजेरी भरत नाही.

हे सगळं शुभकार्याबद्दल झालं. घरात मृत्यू झाला असेल तर माझं मत बदलतं. आपल्याकडे लग्न चुकलेलं माणसं कालांतरानं विसरतात, पण 'मातीला आला नाही' हे विसरत नाहीत. तिथे पत्र हा पहिला उपाय नव्हेच. माती चुकली तर तिसऱ्या दिवशी सावडायला जावं. तेही नाही जमलं तर दहाव्याला, नाहीतर तेराव्याच्या आत कधीही, उभ्या उभ्या का होईना. परदेशात असल्यामुळे तेही अशक्य असेल तेव्हाच लिहावं, आणि त्या पत्रात आपली गैरहजेरी एका ओळीत संपवावी. बाकीचं पान गेलेल्या माणसाबद्दल असावं. शक्यतो अशी एखादी आठवण, जी मित्रालाही माहीत नाही: त्याच्या वडिलांनी स्टेशनवर आपल्याला काय सांगितलं होतं, त्याच्या आईनं परीक्षेच्या दिवसांत डब्यात काय लपवून दिलं होतं. शोकातल्या माणसापुढे आपल्या अपराधाचं गाठोडं सोडून बसणं हा त्याच्या दुःखात वाटेकरी होण्याचा प्रकार नव्हे.

एक आक्षेप उरतो, आणि तो मी हलका मानत नाही. इतकं मोजून-मापून लिहिलेलं पत्र कृत्रिम वाटणार नाही का? मित्र म्हणेल, अरे, मला अर्ज पाठवतोस? वाटू शकतं. शाळेत पत्रलेखनाच्या नावाखाली 'मा. मुख्याध्यापक यांस' गिरवलेली आपली पिढी भावना लिहायला बसली की एकतर अर्ज लिहिते नाहीतर नाटकातलं स्वगत. म्हणून पत्रात फरशीवरचा खडू हवा आणि पोळ्या करताना ओरडणाऱ्या आई हव्यात. हे तपशील दुसऱ्या कुणाला लिहिताच आले नसते. तेवढं असलं की बाकीची शिस्त खुपत नाही. आणि शब्द रोज बोलतो तेच असावेत. जो 'यार' म्हणतो त्यानं अचानक 'क्षमस्व' लिहू नये.

पत्र गेल्यावर उत्तर येईलच असं नाही. न आल्यास 'मिळालं का रे?' असं विचारायचं नाही, कारण ते 'माफ केलंस का?' असंच ऐकू जातं. ठरल्या शनिवारी जायचं. अण्णा बहुधा दारातच म्हणतील, "अरे, कामं असतात माणसाला, बस, चहा घे." म्हाताऱ्या माणसांचा राग लवकर निवतो, त्यांना आलेल्याचं कौतुक जास्त. पण अण्णांनी सोडलं म्हणजे मित्रानंही सोडलं असं समजायची घाई करू नये, दोन खाती वेगळी आहेत. तिथे पत्रातली माफी पुन्हा तोंडानं वाचून दाखवायची नाही, अल्बम मागून सगळे फोटो बघायचे आणि वह्या गाडीत भरायला लागायचं. मित्र त्याचं उत्तर बहुधा कधीच लिहून देणार नाही. वर्षभरानं पुतणीच्या साखरपुड्यात चारचौघांसमोर तो ओरडेल, "या या पुण्याचे पाहुणे, गाडी झाली का दुरुस्त?" सगळे हसतील, आणि ही थट्टा पुढची काही वर्षं प्रत्येक कार्यात निघेल. "झाली," म्हणायचं आणि वाढायला घ्यायचं.